फेब्रुवारीच्या ३१ तारखेचा हप्ता

एका पतसंस्थेने ३१ जानेवारी २०२५ रोजी सभासदाला १ लाख २० हजार रुपयांचं कर्ज दिलं, असं समजू. परतफेड बारा महिन्यांत. दरमहा दहा हजार रुपये मुद्दल आणि शिल्लक रकमेवर दिवसांच्या हिशेबाने १२ टक्के व्याज. कर्जरोख्यात एवढंच लिहिलं आहे, की पहिला हप्ता कर्ज दिल्यापासून एक महिन्याने आणि त्यानंतर दरमहा. कर्जदार सह्या करून घरी जातो. हिशेबनीस संगणकावर परतफेडीचं वेळापत्रक करायला बसतो आणि पहिल्याच ओळीवर अडतो. ३१ जानेवारीनंतर एक महिना म्हणजे ३१ फेब्रुवारी. ही तारीख कुठल्याच कॅलेंडरात नाही.

दिवस चोवीस तासांचा आणि आठवडा सात दिवसांचा, यात कधी बदल होत नाही. महिना मात्र २८, २९, ३० किंवा ३१ दिवसांचा असतो आणि शाळकरी मुलं मुठीच्या गाठी मोजून त्याचा हिशेब लावतात. व्यवहारात माणूस ही अडचण सहज सोडवतो. ‘महिनाअखेरीला या’ म्हटलं की फेब्रुवारीत २८ तारखेला येतो आणि मार्चमध्ये ३१ तारखेला. संगणकाला मात्र ‘महिनाभराने’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो. तो कसा सांगितला, यावर कर्जदाराचा हप्ता वेळेवर ठरणार की थकीत, हे अवलंबून असतं.

सगळ्यात सोपी वाटणारी वाट म्हणजे तारखेत ३० मिळवणं.

```
=B1+30
```

३१ जानेवारी २०२५ मध्ये ३० दिवस मिळवले की २ मार्च येतो. म्हणजे फेब्रुवारीत हप्ताच नाही. हेच सूत्र खाली ओढत गेलं तर पुढच्या तारखा १ एप्रिल, १ मे, ३१ मे अशा येतात आणि मे महिन्यात दोन हप्ते पडतात. मग तारखा हळूहळू मागे सरकू लागतात. बारावा हप्ता २६ जानेवारी २०२६ ला येतो, वर्ष पूर्ण व्हायला पाच दिवस असताना, कारण ३० गुणिले १२ म्हणजे ३६०.

दुसरी वाट जास्त शहाणी दिसते. वर्ष, महिना आणि दिवस वेगळे काढायचे, महिन्यात हवा तेवढा आकडा मिळवायचा आणि तारीख पुन्हा जोडायची. इथे A5 मध्ये हप्त्याचा क्रमांक आहे आणि B1 मध्ये कर्ज दिल्याची तारीख.

```
=DATE(YEAR($B$1),MONTH($B$1)+A5,DAY($B$1))
```

या सूत्राला ‘३१ फेब्रुवारी २०२५’ दिला तर ते कुरकुर करत नाही. फेब्रुवारीचे २८ दिवस संपवून उरलेले तीन दिवस पुढे ढकलतं आणि ३ मार्च सांगतं. ३१ एप्रिलचा १ मे होतो, ३१ जूनचा १ जुलै. पूर्ण वेळापत्रक मांडलं की चित्र विचित्र दिसतं. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर या पाच महिन्यांत एकही हप्ता नाही, आणि मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर व डिसेंबर या पाच महिन्यांत दोन-दोन. पगारावर जगणाऱ्या कर्जदाराने महिन्यात दोन हप्ते कुठून भरायचे?

या चुकीचा खरा धोका असा, की ती वर्षानुवर्षं लपून राहू शकते. कर्ज १ ते २८ तारखेदरम्यान दिलेलं असेल तर सूत्र अचूक चालतं, कारण २८ तारीख प्रत्येक महिन्यात असते. पन्नास कर्जदारांची वेळापत्रकं बरोबर निघतात, सूत्रावर विश्वास बसतो, आणि मग एखाद्या ३१ तारखेला दिलेलं कर्ज येतं. अनेक जुन्या फायलींत हे सूत्र आजही सापडतं, त्यालाही कारण आहे. महिने मिळवण्यासाठीचं EDATE आणि महिनाअखेर काढणारं EOMONTH ही दोन फंक्शन एक्सेल २००७ पासून मूळ एक्सेलमध्ये आली. त्याआधी ती ‘अॅनालिसिस टूलपॅक’ नावाच्या जोडणीत होती, आणि ती जोडणी सुरू केलेली नसेल तर सेलमध्ये #NAME? एवढंच दिसायचं. त्यामुळे ज्यांना फाइल चार संगणकांवर चालवायची होती त्यांनी DATE चा आडमार्ग धरला, आणि त्यांच्या फायली पुढच्यांनी तशाच नकलून घेतल्या.

३१ जानेवारीनंतरचा एक महिना कुठे संपतो, हा प्रश्न संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे आणि भारतात त्याचं लेखी उत्तर १८८१ सालापासून उपलब्ध आहे. धनादेश न वटल्याबद्दलचं कलम १३८ ज्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमध्ये आहे, त्याच कायद्याचं कलम २३ वचनचिठ्ठी किंवा हुंडीची मुदत महिन्यांत मोजायची कशी ते सांगतं. मुदत ज्या महिन्यात संपते त्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपली असं धरायचं. कायद्याने उदाहरणंही दिली आहेत. २९ जानेवारी १८७८ ची, एक महिन्याच्या मुदतीची चिठ्ठी २८ फेब्रुवारीनंतर तिसऱ्या दिवशी देय होते. ते तीन दिवस कलम २२ मधल्या सवलतीचे. आणखी दोन चिठ्ठ्या घेतल्या आहेत, एक ३० ऑगस्टची आणि एक ३१ ऑगस्टची, दोन्ही तीन महिन्यांच्या. नोव्हेंबरला ३१ तारीख नाही. त्यामुळे दोन्हींची मुदत ३० नोव्हेंबरलाच संपते आणि सवलतीचे तीन दिवस धरून दोन्ही ३ डिसेंबरला देय होतात.

EDATE नेमका हाच नियम पाळतं. त्याला दोन गोष्टी लागतात, सुरुवातीची तारीख आणि महिन्यांची संख्या.

```
=EDATE(DATE(2025,1,31),1)
```

उत्तर २८ फेब्रुवारी २०२५. हेच २०२४ साली विचारलं असतं तर २९ फेब्रुवारी आलं असतं, कारण ते लीप वर्ष. तारीख पुढे सांडत नाही, मार्चमध्ये जात नाही, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबते. महिन्यांची संख्या उणे दिली तर फंक्शन मागे जातं. तिमाही हप्ता असेल तर हप्त्याचा क्रमांक तीनने गुणून द्यायचा, एवढाच फरक.

पहिल्यांदा हे वापरणारा मात्र अनेकदा दचकतो, कारण सेलमध्ये तारखेऐवजी 45716 असा आकडा दिसतो. ती चूक नाही. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ क्रमांक देऊन तिथून पुढचा प्रत्येक दिवस मोजत जातं. त्या मोजणीत ३१ जानेवारी २०२५ हा 45688 वा दिवस आणि २८ फेब्रुवारी त्यापुढचा अठ्ठाविसावा. EDATE हा क्रमांक परत देतं, त्याला तारखेचं रूप द्यायचं काम सेलच्या फॉरमॅटचं. सेल निवडून Ctrl+1 दाबलं आणि तारखेचा फॉरमॅट दिला की आकड्याची तारीख होते.

आकड्याऐवजी #VALUE! दिसलं तर मात्र दोष तारखेतच असतो. मराठी कार्यालयात तारीख ३१.०१.२०२५ अशी टिंबं देऊन लिहायची सवय आहे. तशीच ती टंकली तर एक्सेल बहुतेक वेळा तिला तारीख न मानता मजकूर मानतं. ओळखायची खूण सोपी आहे. सेलची मांडणी बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. याहून घातक प्रकार असा, की संगणकाची सेटिंग अमेरिकन असते आणि ५ एप्रिल म्हणून टंकलेलं 05-04-2025 मुकाट्याने ४ मे होऊन बसतं. तिथे कोणतीच त्रुटी दिसत नाही, हप्ते फक्त महिनाभर उशिरा सुरू होतात. म्हणून वेळापत्रकातली मूळ तारीख DATE(2025,4,5) अशी भरणं, किंवा निदान सेलला महिन्याचं नाव दाखवणारा फॉरमॅट देणं, हा खबरदारीचा मार्ग.

EDATE हाती आलं म्हणजे काम संपलं असं वाटतं आणि इथेच सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक घडते. हिशेबनीस पहिली तारीख काढतो, मग दुसऱ्या हप्त्यासाठी पहिल्या हप्त्याच्या तारखेत एक महिना मिळवतो, तिसऱ्यासाठी दुसऱ्याच्या तारखेत, आणि सूत्र खाली ओढतो.

```
=EDATE(B5,1)
```

तर्क निर्दोष वाटतो. हप्ता दरमहा आहे, तर प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यानंतर एक महिन्याने. पण पहिल्या पायरीला ३१ चे २८ झाले तेव्हा ‘मूळ तारीख ३१ होती’ ही माहिती पुसली गेली. दुसऱ्या पायरीला EDATE समोर फक्त २८ फेब्रुवारी आहे, आणि त्यात एक महिना मिळवला की २८ मार्चच येणार. मग २८ एप्रिल, २८ मे, आणि शेवटी २८ जानेवारी २०२६. एकदा फेब्रुवारीच्या दारातून वाकून गेलेली तारीख पुन्हा ताठ होत नाही.

तीन दिवसांनी काय बिघडतं, हे आकड्यांतच पाहावं. पहिल्या हप्त्यानंतर मुद्दल उरतं १ लाख १० हजार. करारानुसार दुसरा हप्ता ३१ मार्चला, म्हणजे ३१ दिवसांचं व्याज, सुमारे ११२१ रुपये. सरकलेल्या वेळापत्रकात तो २८ मार्चला, म्हणजे २८ दिवसांचं, सुमारे १०१३ रुपये. कर्जदाराचं नुकसान या शंभर-सव्वाशे रुपयांत नाही. उलट मुद्दल आधी परत गेल्याने त्याचं एकूण व्याज किंचित कमीच होतं. नुकसान तारखेत आहे. ज्याचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा होतो त्याच्या खात्यात २८ मार्चला पैसे नसतात. तो ३१ मार्चला हप्ता भरतो, अगदी कराराप्रमाणे, आणि संस्थेच्या यादीत मात्र तीन दिवस उशीर म्हणून नोंदला जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कागदावर वक्तशीर असलेला माणूस संगणकात थकबाकीदार होतो, आणि दोष त्याचा नसून एका सूत्राचा आहे हे दाखवून द्यायला त्याच्या हाती काही नसतं.

उपाय असा, की प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासूनच मोजायचा. डावीकडच्या स्तंभात १ ते १२ असे हप्त्याचे क्रमांक लिहायचे आणि प्रत्येक ओळीत मूळ तारखेत तेवढे महिने मिळवायचे.

```
=EDATE($B$1,A5)
```

आता तारखा येतात त्या अशा: २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे, ३० जून, ३१ जुलै, ३१ ऑगस्ट, ३० सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर, ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर आणि ३१ जानेवारी २०२६. प्रत्येक महिन्यात एक हप्ता, आणि फेब्रुवारीचा परिणाम फेब्रुवारीपुरताच. सूत्रातली डॉलरची चिन्हं विसरता कामा नयेत. ती नसली तर खाली ओढताना B1 चा B2 होतो. तो सेल रिकामा असेल तर एक्सेल त्याला शून्य मानतं आणि हप्त्याची तारीख थेट १९०० सालात जाऊन पडते. ही चूक निदान पाहताक्षणी कळते.

साखळीची चूक तशी कळत नाही, म्हणून जुन्या फायली तपासताना तारखांमधला फक्त दिवसाचा आकडा वरून खाली वाचत जावा. ३१, २८, २८, २८ असा क्रम दिसला की साखळी सापडली. १ ते २८ तारखेला दिलेल्या कर्जात ती दिसणार नाही, तिथे दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच येतं. शेवटच्या हप्त्याशेजारी एक छोटी पडताळणीही ठेवता येते.

```
=B16=EDATE($B$1,A16)
```

TRUE आलं तर वेळापत्रक मूळ तारखेशी जुळतं, FALSE आलं तर वाटेत कुठेतरी ते घसरलं आहे.

हे घसरणं उलटवता येत नाही, ही गोष्ट नीट समजून घ्यावी अशी आहे. २०२५ साली २८, २९, ३० आणि ३१ जानेवारी या चारही तारखांत एक महिना मिळवला तर उत्तर एकच, २८ फेब्रुवारी. आता त्या २८ फेब्रुवारीतून एक महिना वजा केला तर २८ जानेवारी येतो. कर्ज चारपैकी नेमक्या कोणत्या दिवशी दिलं होतं, हे त्या तारखेवरून कळायला मार्गच नाही. संस्था जुनी प्रणाली सोडून नवी घेते, माहिती एकीकडून दुसरीकडे नेताना ‘पुढील हप्ता दिनांक’ एवढाच रकाना उचलला जातो, आणि हे सगळं फेब्रुवारीच्या तोंडावर होतं, तेव्हा नेमकं हेच घडतं. सगळ्या ३१ तारखेच्या कर्जांचे हप्ते कायमचे २८ तारखेला जाऊन बसतात. कर्ज दिल्याची तारीख, किंवा ठरलेला हप्त्याचा दिवस, स्वतंत्र रकान्यात सांभाळलेला असेल तरच ते टळतं.

EOMONTH चं काम वेगळं आहे. दिलेल्या तारखेचा महिना घ्यायचा, सांगितले तेवढे महिने पुढे किंवा मागे जायचं आणि त्या महिन्याचा शेवटचा दिवस सांगायचा. मूळ तारीख ५ होती की २५, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. महिन्यांच्या जागी शून्य दिलं तर चालू महिन्याची अखेर मिळते. म्हणून त्याची साखळीही घसरत नाही. २८ फेब्रुवारीपासून एक महिना पुढची महिनाअखेर विचारली तर ते बरोबर ३१ मार्च सांगतं.

```
=EOMONTH($B$1,A5)
```

आपल्या उदाहरणातल्या ३१ जानेवारीच्या कर्जासाठी हे सूत्र आणि मूळ तारखेपासून मोजणारं EDATE, दोन्ही तंतोतंत त्याच बारा तारखा देतात. त्यामुळे दोन्ही एकच, असा समज व्हायला वेळ लागत नाही. फरक दिसतो तो कर्ज ३० एप्रिलला दिलेलं असेल तेव्हा. EDATE म्हणतं ३० मे, EOMONTH म्हणतं ३१ मे. २८ फेब्रुवारी २०२५ चं कर्ज घेतलं तर अंतर आणखी वाढतं. EDATE ला पुढचा हप्ता २८ मार्चला दिसतो, EOMONTH ला ३१ मार्चला.

यातलं बरोबर कोणतं? याचं उत्तर एक्सेलकडे नाही. ३० एप्रिल ही तारीख ‘दर महिन्याची ३० तारीख’ म्हणून आली आहे की ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ म्हणून, हे त्या तारखेच्या पोटात कुठेही लिहिलेलं नसतं. ते करारात असतं, निदान असायला हवं. ‘दरमहा’ हा शब्द एकटा पुरत नाही. ‘दरमहा ३० तारखेस, फेब्रुवारीत शेवटच्या दिवशी’ असं लिहिलं असेल तर EDATE, आणि ‘प्रत्येक महिनाअखेरीस’ असं लिहिलं असेल तर EOMONTH. आधी वाक्य ठरतं, सूत्र नंतर. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी सूत्र आधी लिहिलं जातं आणि कराराचा अर्थ त्यावरून लावला जातो. वाद पुढे तिथूनच निघतो.

EOMONTH चा आणखी एक उपयोग हप्त्यांच्या जगात फार होतो. बहुतेक पगारदारांना हप्ता महिन्याच्या सुरुवातीला, पगार जमा झाल्यानंतर लगेच हवा असतो. कर्ज कोणत्याही तारखेला दिलं तरी हप्ता ५ तारखेला, अशी पद्धत त्यातून आली. त्यासाठी महिनाअखेर गाठायची आणि त्यात पाच दिवस मिळवायचे.

```
=EOMONTH($B$1,A5-1)+5
```

३१ जानेवारीच्या कर्जाला हे सूत्र पहिला हप्ता ५ फेब्रुवारीला लावतं, म्हणजे कर्ज हाती आल्यापासून पाचव्या दिवशी. ते नको असेल तर ‘A5-1’ ऐवजी ‘A5’ लिहायचं आणि पहिला हप्ता ५ मार्चला न्यायचा. तेव्हा पहिल्या हप्त्यात ३३ दिवसांचं व्याज धरावं लागतं, नेहमीच्या महिनाभराचं नव्हे. हे कर्जदाराला आधी सांगितलं नाही तर पहिला हप्ता मोठा का आला, म्हणून तो खिडकीशी येऊन विचारतो, आणि त्याचं विचारणं रास्त असतं.

आता सुट्ट्यांकडे वळू. आपल्या बारा तारखांपैकी ३१ ऑगस्ट आणि ३० नोव्हेंबर २०२५ या दोन रविवारी येतात. हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता होत असेल तर रविवारचा प्रश्न बराच सुटला आहे, कारण त्यासाठी वापरली जाणारी नॅच ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. पण पतसंस्थेच्या खिडकीवर रोख भरणाऱ्याला दार बंद दिसतं. मग कामाचा पुढचा दिवस काढावा लागतो. WORKDAY.INTL या फंक्शनला 11 हा संकेतांक दिला की ते फक्त रविवारची साप्ताहिक सुट्टी धरतं, आणि बाकीच्या सुट्ट्यांची यादी आपण F स्तंभात लिहून देऊ शकतो.

```
=WORKDAY.INTL(B5-1,1,11,$F$2:$F$20)
```

३१ ऑगस्टचा १ सप्टेंबर होतो आणि ३० नोव्हेंबरचा १ डिसेंबर. पण मार्चमध्ये हेच सूत्र अडचणीत आणतं. २०२५ साली ३० मार्चला, रविवारी, गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला रमजान ईद. ईद सुट्ट्यांच्या यादीत असेल तर हप्त्याचा दिवस १ एप्रिलवर जातो, म्हणजे वसुली पुढच्या आर्थिक वर्षात. काही संस्था म्हणून उलट नियम ठेवतात, की सुट्टी आली तर आधीच्या कामाच्या दिवशी भरायचं. १८८१ चा कायदाही वचनचिठ्ठ्यांच्या बाबतीत तेच सांगतो. देय दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर आधीचा कामाचा दिवस.

```
=WORKDAY.INTL(B5+1,-1,11,$F$2:$F$20)
```

या नियमाने ३१ मार्चचा हप्ता शनिवार २९ मार्चला येतो आणि त्याच आर्थिक वर्षात राहतो. दोन्हींपैकी कोणताही नियम घेतला तरी सुधारलेली तारीख वेगळ्या स्तंभात ठेवावी. ती मूळ स्तंभात भरली आणि पुढचा हप्ता तिच्यापासून मोजला, की ३१ चे २८ होण्याचीच गोष्ट १ सप्टेंबरच्या रूपाने पुन्हा सुरू होते.

या दोन फंक्शनांचा अधिकार जिथे संपतो ती हद्द रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकात स्पष्ट दिसते. १२ नोव्हेंबर २०२१ च्या या परिपत्रकाने बँका आणि वित्त कंपन्यांना सांगितलं, की हप्त्याची नेमकी तारीख, हप्त्यांमधलं अंतर, मुद्दल-व्याजाची विभागणी हे सगळं करारात लिहा, आणि थकबाकीचं वर्गीकरण कसं होतं तेही उदाहरणासह द्या. परिपत्रकातलं उदाहरण योगायोगाने महिनाअखेरीचंच आहे. हप्ता ३१ मार्च २०२१ ला देय होता आणि त्या दिवशीचं कामकाज बंद होईपर्यंत पूर्ण रक्कम आली नाही. कर्ज ३१ मार्चलाच थकीत झालं. थकबाकी सतत राहिली तर ३० एप्रिलला ते एसएमए-१ या गटात जातं, ३० मे ला एसएमए-२ मध्ये आणि २९ जूनला अनुत्पादक ठरतं.

इथे महिने नाहीत, दिवस आहेत. तीस, साठ आणि नव्वद. बोलताना सगळेच ‘तीन महिने हप्ता थकला की खातं एनपीए होतं’ असं म्हणतात, आणि ते ऐकून कोणी वेळापत्रकाशेजारी EDATE चा स्तंभ लावला तर उत्तर ३० जून येईल.

```
=EDATE(DATE(2021,3,31),3)
=DATE(2021,3,31)+90
```

पहिलं सूत्र ३० जून सांगतं, दुसरं २९ जून. या स्तंभावर विसंबलेला कर्जदार ३० जूनच्या सकाळी सगळी थकबाकी घेऊन शाखेत पोहोचतो, तेव्हा त्याचं खातं आदल्या दिवशीचं कामकाज बंद होतानाच अनुत्पादक यादीत गेलेलं असतं.